सीआयएसएसपी: नोकरी सांभाळून, फक्त संध्याकाळच्या वेळात, बारा आठवड्यांत

सात-आठ वर्षं फायरवॉल, राउटर नाहीतर सर्व्हर सांभाळलेला इंजिनिअर सीआयएसएसपी या माहिती-सुरक्षेच्या प्रमाणपत्र परीक्षेचं पुस्तक हातात घेतो आणि बहुतेकदा नेटवर्कचं प्रकरण आधी उघडतो. ओळखीचं असतं, पानं भराभर उलटतात, अभ्यास होतोय असं वाटतं. दोन-तीन आठवडे त्यात जातात आणि जोखीम व्यवस्थापन, धोरणं, मालमत्तेचं वर्गीकरण हे सगळं शेवटी घाईत उरकलं जातं. दिवसभर मोकळा असलेल्या माणसाचं यात एक वेळ निभावेल. ज्याच्या हातात फक्त संध्याकाळ आहे, त्याने मात्र सर्वात अनोळखी विषयापासूनच सुरुवात केली पाहिजे. खालचं सगळं नियोजन याच एका गोष्टीवर उभं आहे.

आधी परीक्षा कशी आहे ते पाहा

ही परीक्षा आयएससीटू ही संस्था घेते. त्यांच्या संकेतस्थळावर परीक्षेचा आराखडा फुकट मिळतो. तो उतरवून छापून घ्या आणि वर लिहिलेली लागू तारीख पाहा, कारण आराखडा दर काही वर्षांनी बदलतो आणि जुन्या आराखड्यावरची पुस्तकं बाजारात फिरत राहतात. १५ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आराखड्यात आठ विभाग आहेत. सुरक्षा आणि जोखीम व्यवस्थापनाला १६ टक्के भार आहे. मालमत्तेची सुरक्षा आणि सॉफ्टवेअर विकासातली सुरक्षा यांना प्रत्येकी १०, सुरक्षेचं मूल्यमापन आणि चाचणीला १२, आणि आर्किटेक्चर, नेटवर्क, ओळख व प्रवेश नियंत्रण, दैनंदिन कामकाज या चौघांना प्रत्येकी १३ टक्के.

परीक्षा तीन तासांची असते. प्रश्न कमीत कमी १०० आणि जास्तीत जास्त १५०. उत्तीर्ण व्हायला १००० पैकी ७०० गुण लागतात. प्रश्नपत्रिका तुमच्या उत्तरांप्रमाणे बदलत जाते: बरोबर उत्तर दिलंत की पुढचा प्रश्न थोडा कठीण येतो, चुकलात की थोडा सोपा. एकदा उत्तर देऊन पुढे गेलात की मागे येता येत नाही. सरावावर याचा थेट परिणाम होतो, तो अकराव्या आठवड्यात सांगतो.

अनुभवाची अटही आत्ताच तपासा. आठपैकी किमान दोन विभागांत मिळून पाच वर्षांचा पगारी अनुभव लागतो. संगणकशास्त्र, आयटी किंवा संबंधित विषयातली पदवी किंवा संस्थेच्या यादीतलं एखादं प्रमाणपत्र असेल तर एक वर्ष माफ होतं. अनुभव कमी असला तरी परीक्षा देता येते. उत्तीर्ण झाल्यावर असोसिएट म्हणून राहायचं आणि सहा वर्षांत अनुभव पूर्ण करायचा.

संध्याकाळची मांडणी

एक उदाहरण धरून चालू. पुण्यातल्या एका कंपनीत काम करणारी नेटवर्क इंजिनिअर. सात वर्षांचा अनुभव, फायरवॉल आणि व्हीपीएन रोजचं काम, महिन्यातून एक आठवडा ऑन-कॉल. घरी पोचून जेवण होईपर्यंत नऊ वाजतात. नऊ ते साडेदहा हा तिचा वेळ. सोमवार ते शुक्रवार आणि रविवार अशा सहा संध्याकाळी, म्हणजे आठवड्याला नऊ तास आणि बारा आठवड्यांत १०८ तास. शनिवार मुद्दाम रिकामा ठेवलेला, कारण ऑन-कॉलच्या आठवड्यात एखादी रात्र हमखास बुडते आणि ती भरून काढायला कुठेतरी जागा हवी.

दीड तासाचे दोन भाग. पहिली पन्नास मिनिटं वाचन, उरलेल्या चाळीस मिनिटांत त्याच विषयाचे वीस प्रश्न आणि चुकांची वही. थकव्यामुळे एखाद्या दिवशी वाचन अर्धंच झालं तरी चालेल, प्रश्न मात्र सोडू नका. रात्री दहा वाजता नुसतं वाचलेलं डोक्यात राहतंय की नाही, हे प्रश्न सोडवल्याशिवाय कळत नाही. व्हिडिओ जाता-येता ऐकायला ठीक आहेत, पण ते या दीड तासात मोजू नका.

पहिला आठवडा सुरू होण्याआधी दोन संध्याकाळी प्रत्येक विभागाचे दहा असे ऐंशी प्रश्न काही न वाचता सोडवा. आपल्या इंजिनिअरला नेटवर्कमध्ये दहापैकी नऊ पडले, कामकाजात सात, जोखीम व्यवस्थापनात चार आणि सॉफ्टवेअरमध्ये तीन. नियोजन या आकड्यांवरून ठरतं. तिला नेटवर्कसाठी अर्धा आठवडा पुरे आणि जोखीम व्यवस्थापनाला पूर्ण दोन आठवडे. तुम्ही डेव्हलपर असाल तर सॉफ्टवेअरचा विभाग आटोपशीर होईल आणि नेटवर्कला दीड आठवडा लागेल. विभागांचा क्रम तसाच ठेवा, दिवस आपल्या आकड्यांप्रमाणे बदला.

चुकांची वही

प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाची नोंद करायची आणि पुढे कारण लिहायचं. कारणं चारच असतात. पहिलं, माहितीच नव्हती. दुसरं, दोन जवळच्या संकल्पनांत गल्लत झाली. तिसरं, प्रश्नातला ‘सर्वप्रथम’, ‘सर्वात योग्य’ किंवा ‘वगळता’ असा शब्द नजरेतून सुटला. चौथं, हात लगेच कीबोर्डकडे गेला, म्हणजे परिस्थिती समजून घेण्याआधीच दुरुस्तीचा पर्याय निवडला.

चारही कारणांवरचा उपाय वेगळा आहे. पहिल्यासाठी पुन्हा वाचन. दुसऱ्यासाठी दोन्ही संकल्पना शेजारी-शेजारी लिहून फरक एका वाक्यात मांडायचा. तिसऱ्यासाठी पर्याय झाकून आधी प्रश्नाचं शेवटचं वाक्य वाचायची सवय. चौथ्याला वेळ लागतो, आणि अनुभवी इंजिनिअरच्या वहीत सर्वात जास्त नोंदी त्याच्याच असतात. रविवारची संध्याकाळ नवीन काही न वाचता या वहीला द्या.

चौथं कारण नीट समजावं म्हणून एक प्रश्न घेऊ. एका कंपनीत नवीन सुरक्षाप्रमुख रुजू झाले आहेत आणि त्यांना सुरक्षेचा कार्यक्रम उभारायचा आहे. त्यांनी सर्वप्रथम काय करावं? पर्याय: फायरवॉलच्या नियमांचा आढावा, संपूर्ण नेटवर्कचं स्कॅनिंग, कंपनीची व्यावसायिक उद्दिष्टं समजून घेणं, सुरक्षा धोरण लिहून काढणं. पहिले दोन पर्याय कामाचे आहेत, पण कशाचं रक्षण करायचं हे ठरल्याशिवाय स्कॅनच्या निकालांना अग्रक्रम देता येत नाही. धोरणही उद्दिष्टांवरून उतरतं. म्हणून उत्तर उद्दिष्टं.

आता दुसरा प्रश्न. एका कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपवर रॅन्समवेअर आहे आणि ते शेजारच्या यंत्रांवर पसरतंय, हे नक्की झालं आहे. पुढे काय? पर्याय: वरिष्ठ व्यवस्थापनाला सविस्तर अहवाल, लॅपटॉप नेटवर्कपासून वेगळा करणं, सिस्टिम नव्याने बसवणं, मूळ कारण शोधणं. इथे उत्तर लॅपटॉप वेगळा करणं. ‘मॅनेजरसारखा विचार करा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि तो डोळे मिटून पाळणारा उमेदवार इथे अहवालाचा पर्याय निवडून गुण घालवतो. दोन्ही प्रश्नांत बघायचं एकच: आपण प्रक्रियेच्या कोणत्या टप्प्यावर उभे आहोत? पहिल्यात अजून काहीच ठरलेलं नाही. दुसऱ्यात घटना ओळखून झाली आहे आणि नुकसान वाढतंय. माणसांच्या जिवाला धोका असेल तर मात्र टप्पा कोणताही असो, आधी माणसं.

आठवडे १ आणि २: जोखीम व्यवस्थापन

पहिल्या आठवड्यात शासनव्यवस्था, धोरण-मानक-कार्यपद्धती यांतला फरक, कायदे आणि आयएससीटूची आचारसंहिता. आचारसंहितेत चार तत्त्वं आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे: समाज आणि सार्वजनिक हित, मग प्रामाणिक व कायदेशीर वर्तन, मग ज्यांच्यासाठी काम करतो त्यांची सेवा, शेवटी व्यवसायाची प्रगती. संघर्ष आला तर वरचं तत्त्व जिंकतं. कायद्यांच्या बाबतीत इथल्या इंजिनिअरने एक सावधगिरी ठेवावी. सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घटना सहा तासांत कळवायची आपल्याला सवय असते, पण परीक्षा जागतिक आहे. युरोपच्या जीडीपीआरमधले ७२ तास तिथे जास्त उपयोगी पडतात.

दुसऱ्या आठवड्यात जोखमीचं गणित. सूत्रं दोनच आहेत:

```
SLE = AV × EF
ALE = SLE × ARO
```

समजा एका सर्व्हर रूमची किंमत, म्हणजे AV, ४० लाख रुपये आहे आणि पाणी शिरलं तर चौथा हिस्सा वाया जाईल, हा EF. म्हणजे एका घटनेचं नुकसान, SLE, १० लाख. असं पाच वर्षांतून एकदा घडतं, म्हणून वार्षिक वारंवारता, ARO, ०.२ आणि वार्षिक अपेक्षित नुकसान, ALE, २ लाख. आता कोणी सांगितलं की वर्षाला दीड लाख खर्चाची एक यंत्रणा बसवली तर ही शक्यता निम्मी होईल. नवीन नुकसान १ लाख, म्हणजे वाचले १ लाख आणि खर्च झाला दीड. यंत्रणा तांत्रिकदृष्ट्या कितीही चांगली असली तरी या आकड्यांवर ती घेऊ नये. असे पाच हिशोब स्वतःचे आकडे घालून करा, मग सूत्र पाठ करावं लागणार नाही.

याच आठवड्यात व्यवसायावरील परिणामांचं विश्लेषण येतं आणि त्यातल्या वेळांची गल्लत हमखास होते. एका ऑर्डर घेणाऱ्या यंत्रणेचं उदाहरण घ्या. ती आठ तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर धंद्याला न सोसणारा फटका बसतो, ही झाली कमाल सहनशील मर्यादा, एमटीडी. यंत्रणा पुन्हा उभी करायला पाच तास, हा आरटीओ. त्यानंतर डेटा तपासून काम पूर्ववत सुरू करायला दोन तास. बेरीज सात, आठच्या आत, म्हणून हे बसतं. आरपीओ मात्र मागे बघतो: किती वेळाचा डेटा गमावलेला चालेल? व्यवसाय एक तास म्हणत असेल आणि बॅकअप दर चार तासांनी होत असेल, तर यंत्रणा कितीही लवकर उभी राहिली तरी आरपीओ पाळला जात नाही.

आठवडा ३: मालमत्ता

विभाग छोटा, पण इंजिनिअर इथे भूमिकांमध्ये चुकतो. डेटाचं वर्गीकरण कोण ठरवतं? मालक, म्हणजे त्या डेटाची जबाबदारी असलेला व्यवसायातला अधिकारी. बॅकअप घेणारे, परवानग्या लावणारे आपण फक्त सांभाळणारे. रोज डेटा आपल्या हातात असल्यामुळे मालकीही आपलीच वाटते आणि उत्तर चुकतं. साधनं पुसण्याचा भाग सावकाश वाचा. चुंबकीय क्षेत्राने हार्ड डिस्क पुसता येते, एसएसडी पुसता येत नाही, कारण तिथे डेटा चुंबकीय स्वरूपात नसतोच.

आठवडे ४ आणि ५: आर्किटेक्चर आणि क्रिप्टोग्राफी

चौथ्या आठवड्यात सुरक्षेची मॉडेल्स. बेल-लापाडुला गोपनीयता सांभाळतं: वरच्या पातळीचं वाचायचं नाही, खालच्या पातळीवर लिहायचं नाही. बिबा अखंडता सांभाळतं आणि नियम नेमके उलटे होतात. दोन्ही चित्रं कोऱ्या कागदावर बाण काढून रंगवा, आणि दोन दिवसांनी न बघता पुन्हा काढा.

पाचवा आठवडा क्रिप्टोग्राफीचा. अल्गोरिदमच्या आतली गणितं सोडून द्या, परीक्षेला ती लागत नाहीत. कोणती किल्ली कोणाची, हे पक्कं करा. गुपित पाठवायचं तर घेणाऱ्याची सार्वजनिक किल्ली, सही करायची तर पाठवणाऱ्याची खासगी किल्ली. दहा जणांनी जोडीजोडीने एक सामायिक किल्ली वापरून बोलायचं तर ४५ किल्ल्या लागतात, सार्वजनिक-खासगी जोड्यांच्या पद्धतीत २०. किल्ल्यांची देवाणघेवाण हा मोठा प्रश्न का आहे, हे या दोन आकड्यांतून लगेच समजतं.

आठवडे ६ आणि ७: नेटवर्क, ओळख आणि प्रवेश

आपल्या इंजिनिअरने नेटवर्क तीन संध्याकाळींत संपवावं: फक्त जुन्या चुका आणि वायरलेससारखे रोज हात न लागणारे भाग. उरलेले नऊ दिवस प्रवेश नियंत्रणाला. कर्बरॉसचा प्रवास तोंडी सांगता आला पाहिजे: वापरकर्ता आधी ओळख पटवून तिकिटांचं तिकीट मिळवतो, ते दाखवून विशिष्ट सेवेचं तिकीट घेतो, आणि ते सेवेला दाखवतो. सेवेपर्यंत पासवर्ड कधीच जात नाही. सॅमल, ओआथ आणि ओपनआयडी कनेक्ट यांत वहीतल्या दुसऱ्या कारणाच्या नोंदी भरतील. ओआथ परवानगी देतो, ओळख सांगत नाही. ओळखीचा थर त्यावर ओपनआयडी कनेक्ट चढवतो. एवढं लक्षात ठेवलं की निम्मी गल्लत संपते.

आठवडे ८, ९ आणि १०

आठवा आठवडा मूल्यमापनाचा. असुरक्षितता शोधणं आणि पेनिट्रेशन टेस्ट यांतला फरक, आणि ऑडिट अहवाल. सेवा देणाऱ्या कंपनीच्या नियंत्रणांवरच्या एसओसी टू अहवालाचा पहिला प्रकार एका तारखेला नियंत्रणं योग्य रचली आहेत का ते सांगतो. दुसरा प्रकार ती ठरावीक काळात खरोखर चालली का ते सांगतो. क्लाउड सेवा निवडताना दुसरा जास्त भरवशाचा.

आठव्या आठवड्याच्या रविवारी झालेल्या सहा विभागांचे मिळून साठ प्रश्न सोडवा, पण ते आजवर न वापरलेल्या संचातले हवेत. परीक्षेची तारीख याच्या निकालावर घ्यावी असं माझं मत आहे. आधीच घेतलेली तारीख अभ्यासाला धक्का देते खरी, पण ती बदलायला पैसे पडतात आणि परीक्षेचं शुल्क मुळातच शेकडो डॉलरचं आहे. सत्तर टक्क्यांच्या वर असाल तर चार आठवड्यांनंतरची तारीख घ्या. कमी असाल तर सर्वात कमजोर दोन विभागांना एकेक आठवडा वाढवा आणि मग तारीख घ्या. नोंदणी करताना नाव ओळखपत्रावर आहे तसंच, अक्षरन् अक्षर जुळवून लिहा.

नवव्या आठवड्यातलं कामकाज बहुतेकांना ओळखीचं. घटना हाताळण्याचा क्रम तेवढा पक्का करा: शोध, प्रतिसाद, नुकसान रोखणं, कळवणं, पूर्ववत करणं, मूळ दोष दूर करणं, धडे नोंदवणं. मघाचा लॅपटॉपचा प्रश्न याच क्रमातून सुटतो. दहाव्यात सॉफ्टवेअर. कोड लिहायला येण्याची गरज नाही. सुरक्षेच्या गरजा प्रकल्पाच्या सुरुवातीलाच का घालायच्या, आणि कोड न चालवता केलेली तपासणी व चालू ॲप्लिकेशनची तपासणी यांतून कोणते दोष सापडतात, एवढं समजून घ्या.

आठवडा ११: परीक्षेसारखा सराव

आता विभाग मिसळा. रोज पन्नास प्रश्न, एका तासात, मागे न जाता. सराव ॲपमधली खूण करून पुढे जायची सोय वापरू नका, परीक्षेत ती नसते. १५० प्रश्न आले तर प्रत्येकाला सरासरी ७२ सेकंद मिळतात. एका प्रश्नात तीन मिनिटं अडकणं म्हणजे पुढच्या दोघांचा वेळ खाणं.

या आठवड्यात एक फसगत होते. टक्के नव्वदपर्यंत चढतात आणि तयारी झाली असं वाटतं, पण ते जुने प्रश्न ओळखल्यामुळे चढलेले असतात. तपासणी सोपी आहे. बरोबर आलेले दहा प्रश्न घ्या आणि उरलेले तीन पर्याय का चुकीचे, ते प्रत्येकी एका वाक्यात सांगा. सातांहून कमी प्रश्नांत सांगता आलं तर तुम्हाला उत्तरं पाठ झाली आहेत, आणि नवा प्रश्नसंच लागेल. सरावाच्या टक्क्यांवरून परीक्षेतले ७०० गुण काढता येत नाहीत. तरी नव्या प्रश्नांवर एकूण पंचाहत्तरच्या वर आणि कोणताच विभाग सत्तरखाली नाही, ही माझ्या मते परीक्षेला बसण्याजोगी स्थिती.

रविवारी १२५ प्रश्नांची एक पूर्ण बैठक करा. संध्याकाळी सहाला बसलात की नऊपर्यंत होते. शेवटच्या तासातल्या चुका वेगळ्या मोजा. त्या दुप्पट असतील तर अभ्यासापेक्षा झोप कमी पडते आहे.

आठवडा १२

सोमवार ते बुधवार फक्त वही. त्यातही दुसऱ्या आणि चौथ्या कारणाच्या नोंदी. गुरुवारी आराखड्याची छापील प्रत घेऊन एकेका ओळीवर दोन वाक्यं बोलता येतात का ते पाहा. न येणाऱ्या ओळी शुक्रवारी वाचा आणि थांबा.

परीक्षा चालू असताना बहुतेक प्रश्न अवघड वाटतील, कारण प्रश्नपत्रिका तुमच्या पातळीच्या आसपासच राहते. त्यावरून निकालाचा अंदाज बांधू नका. शंभराव्या प्रश्नानंतर परीक्षा चालू राहिली तर ती नापास झाल्याची खूण नाही, अजून निर्णय झालेला नाही एवढंच. पहिल्या शंभरातले २५ प्रश्न गुणांत धरले जात नाहीत आणि ते कोणते हे कळत नाही, त्यामुळे एखादा पूर्ण अनोळखी प्रश्न आला तर सर्वात कमी चुकीचा पर्याय निवडून पुढे सरका. बाहेर जाऊन यायला हरकत नसते, पण घड्याळ थांबत नाही.

नाही जमलं तर पहिल्या प्रयत्नानंतर तीस दिवस थांबावं लागतं. निकालपत्रावर विभागवार कामगिरी दिलेली असते. त्यावरून कमजोर तीन विभाग निवडा आणि वरचीच दीड तासाची रचना चार आठवडे चालवा.

उत्तीर्ण झालात तर नऊ महिन्यांत समर्थनाचा अर्ज पूर्ण करावा लागतो. त्यासाठी आयएससीटूचा प्रमाणित सदस्य तुमच्या अनुभवाची खात्री देतो, आणि ओळखीचं कोणी नसेल तर संस्था स्वतः ते काम करते. अडतं ते जुन्या कंपन्यांच्या पत्रांवर. तुमच्या पदाचं नाव नुसतं ‘सिस्टिम इंजिनिअर’ असेल तर कोणती कामं कोणत्या विभागात बसतात, हे तारखांसह लिहिलेलं हवं. जुन्या मॅनेजरना बाराव्या आठवड्याच्या आधीच एक फोन करून ठेवा.